‘नाही’ म्हणणारं पत्र



आज मी एका पत्राबद्दल बोलणार आहे. घरातला कमावता माणूस गेला, बायकोने विम्याचे कागद भरून दिले, आणि महिना-दीड महिन्याने कंपनीचं पत्र आलं की दावा नामंजूर. मी आयुर्विम्याच्या दावे विभागात बरीच वर्षं काम केलं. त्यातली शेवटची काही वर्षं मराठीतून जाणारी अशी पत्रं बाहेर पडण्याआधी माझ्या टेबलावरून जात. ऐकणाऱ्यांमध्ये अशी पत्रं टाइप करणाऱ्या मुली असतील, विम्याचं काम करणाऱ्या असतील, आणि असं पत्र हातात पडलेल्याही असतील. पत्र कसं लिहायचं हे कळलं की ते वाचायचं कसं हेही कळतं, म्हणून मी लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगते.

एक प्रकरण घेऊ. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील मी माझे जुळवले आहेत. बाईंना आपण सुनंदाताई म्हणू. त्यांच्या यजमानांनी १८ ऑगस्ट २०२२ ला पंधरा लाखांची पॉलिसी घेतली. वर्षाला ११,२४० रुपये हप्ता, असे तीन हप्ते भरले. ९ जानेवारी २०२५ ला हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. ५ फेब्रुवारीला ताईंनी दावा दाखल केला. चौकशीत रुग्णालयाचे कागद मिळाले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवला होता. प्रस्ताव अर्जात मात्र ‘हृदयविकारासाठी कधी उपचार किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असं लिहिलेलं होतं.

यावर जे पत्र तयार होऊन माझ्यापुढे आलं, ते असं होतं:

‘सौ. सुनंदा यांस. विषय : दावा नामंजूर. आपला दावा कंपनीच्या नियमांनुसार फेटाळण्यात आला आहे. मयत विमाधारकाने आजार लपवून कंपनीची फसवणूक केली आहे. सबब कोणतीही रक्कम देय नाही. हा निर्णय अंतिम असून याबाबत पुढील पत्रव्यवहार करू नये.’

पहिला शब्दच बघा, ‘सौ.’ कोणी मुद्दाम लिहिलेला नव्हता. पॉलिसी काढताना नॉमिनीच्या नावापुढे ‘सौ.’ भरलं होतं, संगणकाने तेच छापलं. नवरा गेल्याचं प्रमाणपत्र फायलीत आणि पाकिटावर ‘सौ.’. हे दुरुस्त करायला पैसा लागत नाही, कायदा लागत नाही, ‘श्रीमती’ लिहिलं की झालं. ‘मयत’ हा पंचनाम्यातला शब्द. त्याच्या जागी ‘आपले पती’ म्हणावं आणि नाव लिहावं. ‘कैलासवासी’ सगळ्यांना चालत नाही, ‘दिवंगत’ चालतं.

इथवरचं कोणालाही सुचेल. अवघड गोष्ट पुढच्या शब्दात आहे, ‘फसवणूक’.

विमा कायदा १९३८ चा आहे. त्यातलं कलम ४५ २०१५ साली बदललं, आणि आज मृत्यूदावा नाकारायचा तर कंपनीला त्याच कलमातून जावं लागतं. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणाने तिच्यावर शंका घेता येत नाही. मध्ये बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर तीन वर्षं तिथून मोजतात, हे लक्षात ठेवा. तीन वर्षांच्या आत कंपनी दोन वेगळ्या कारणांनी हात वर करू शकते. एक, विमाधारकाने फसवण्याच्या हेतूने खोटं सांगितलं. दुसरं, महत्त्वाची माहिती चुकीची दिली गेली किंवा दिली गेली नाही, हेतू काहीही असो.

ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात, पण बाईच्या हातात काय पडतं ते बघा. कारण दुसरं असेल तर तोवर भरलेले सगळे हप्ते नाकारल्याच्या तारखेपासून नव्वद दिवसांत तिला परत द्यावेच लागतात. कारण ‘फसवणूक’ असेल तर ही सक्ती नाही. आणि विमाधारक हयात नसेल, तर फसवणूक नव्हती हे दाखवण्याचा भार त्याच्या वारसांवर येतो. म्हणजे नवऱ्याच्या मनात काय होतं हे बायकोने सिद्ध करायचं. रागाच्या भरात टाइप झालेला एक शब्द ३३,७२० रुपयांचा असतो, आणि त्याच्यापाठी एक लढाई असते.

कंपनीलाही हा शब्द परवडत नाही. फसवणूक म्हणायचं तर हेतू दाखवावा लागतो, आणि फायलीत हेतूचा कागद नव्हता. होतं ते एवढंच, की अर्जात ‘नाही’ लिहिलं आहे आणि रुग्णालयाच्या कागदात ‘हो’ आहे. अर्ज एजंटने भरला असेल, प्रश्न इंग्रजीत असेल, ‘आता बरे आहात ना’ म्हणून ‘नाही’ टाकलं असेल. हे आपल्याकडे किती चालतं ते मी तुम्हाला काय सांगावं. म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, तू पाहिलंस तेवढंच लिही. माणसाबद्दल वाक्य नको, कागदाबद्दल वाक्य हवं. ‘त्यांनी लपवलं’ ऐवजी ‘अर्जात या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, आणि रुग्णालयाच्या नोंदीत अमुक तारखेची शस्त्रक्रिया आहे.’ हे वाक्य मवाळ आहे आणि जास्त पक्कंही आहे. आमच्या कामात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात असतात असं लोकांना वाटतं. माझा अनुभव असा, की बोचणारा शब्द बहुतेक वेळा पुराव्याच्या पुढे गेलेला शब्द असतो.

मग ‘कंपनीच्या नियमांनुसार’. कोणत्या नियमांनुसार? नाकारण्याची कारणं आणि ती ज्या कागदांवर आधारली आहेत ते कागद, दोन्ही लेखी कळवावे लागतात, असं कलमातच आहे. आणि पत्रात न दिलेलं कारण कंपनीला पुढे न्यायालयात काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलेलं आहे. सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात २०१९ मध्ये हेच झालं. तेव्हा ‘नियमांनुसार’ एवढंच लिहिणारा लेखनिक बाईला अंधारात ठेवतो आणि स्वतःच्या कंपनीचे हातही बांधतो.

‘कोणतीही रक्कम देय नाही’ हे तर चूकच, कारण हप्ते परत द्यायचे आहेत. आणि ‘पुढील पत्रव्यवहार करू नये’ असं म्हणण्याचा अधिकारच कोणाला नाही. तिला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं, विमा लोकपालाकडे जाता येतं, ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

आता उलट बाजू. त्या मुलीने ऐकलं, मनावर घेतलं आणि दुसरा मसुदा आणला. तो वाचून मला पहिल्यापेक्षा जास्त काळजी वाटली. ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपला दावा मंजूर व्हावा यासाठी आम्ही सर्वतोपरी प्रयत्न केले, परंतु काही तांत्रिक कारणांमुळे सध्या आपल्या दाव्याचा विचार करता येत नाही याबद्दल क्षमस्व. भविष्यात आपल्या प्रकरणाचा सहानुभूतीने विचार केला जाईल.’

वाचायला गोड आहे. पण ‘सध्या’ म्हटल्यावर बाई थांबणार. दिवाळीपर्यंत वाट बघणार, मग मुलाच्या परीक्षेपर्यंत. लोकपालाकडे जायला साधारण एक वर्षाची मुदत असते, ती अशा ‘सध्या’मध्ये वाहून जाते. ‘सहानुभूतीने विचार केला जाईल’ हे आश्वासन झालं, आणि ते पाळायचा अधिकार लिहिणाऱ्याकडे नाही. ‘तांत्रिक कारण’ म्हणजे काय? स्टेंट ही तांत्रिक गोष्ट नव्हे. ‘आम्ही प्रयत्न केले’ हे तर सरळ खोटं. निर्णय कंपनीनेच घेतला आहे, कोणा तिसऱ्याने नाही. आणि ‘क्षमस्व’ कशाबद्दल? मृत्यूबद्दल दुःख व्यक्त करावं, मनापासून करावं, त्याने कंपनीवर काही जबाबदारी येत नाही. निर्णयाची मात्र माफी मागायची नाही. निर्णय चुकला असं वाटत असेल तर तो बदलायचा, बरोबर वाटत असेल तर कारण सांगायचं.

नकार पहिल्या परिच्छेदातच यायला हवा, याबाबतीत मी हट्टी होते. सांत्वनाची दोन वाक्यं, आणि तिसऱ्यात नकार. पाकीट उघडणारी बाई आधी तेवढंच शोधत असते. तिला पानभर फिरवणं हा सौजन्याचा भाग नाही.

तिसऱ्या खेपेला आम्ही दोघींनी बसून जे लिहिलं, ते वाचून दाखवते.

‘श्रीमती सुनंदा यांस,

आपले पती ९ जानेवारी २०२५ रोजी गेले, याचे आम्हाला दुःख आहे. अशा काळात आपण सर्व कागदपत्रे वेळेवर दिलीत, त्याबद्दल आभारी आहोत. आपल्या दाव्याची पूर्ण तपासणी झाली असून, पॉलिसीची १५ लाख रुपयांची विमा रक्कम देता येणार नाही, असा निर्णय कंपनीने घेतला आहे. त्याचे कारण पुढे दिले आहे. आपण भरलेल्या हप्त्यांची रक्कम आपल्याला परत मिळेल, तेही पुढे लिहिले आहे.

पॉलिसी १८ ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झाली. १० ऑगस्ट २०२२ च्या प्रस्ताव अर्जात, हृदयविकारासाठी कधी उपचार किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का, या प्रश्नाचे उत्तर “नाही” असे आहे. आम्हाला मिळालेल्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डानुसार, २७ नोव्हेंबर २०१९ रोजी आपल्या पतींची अँजिओप्लास्टी झाली होती. ही माहिती अर्जाच्या वेळी मिळाली असती, तर कंपनीच्या त्या वेळच्या जोखीम तपासणीच्या निकषांनुसार ही पॉलिसी दिली गेली नसती. त्यामुळे विमा कायदा १९३८ च्या कलम ४५, पोटकलम ४ अन्वये, महत्त्वाची माहिती दिली न गेल्याच्या कारणावरून हा दावा नाकारण्यात येत आहे. फसवणूक हे या निर्णयाचे कारण नाही.

अर्ज, डिस्चार्ज कार्ड आणि संबंधित निकष यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

भरलेल्या तीन हप्त्यांचे ३३,७२० रुपये १८ जून २०२५ पर्यंत आपल्या बँक खात्यात जमा होतील. ही रक्कम स्वीकारल्याने या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा आपला हक्क जात नाही.

हा निर्णय आजवर आमच्याकडे आलेल्या कागदांवर आधारलेला आहे. अर्ज कसा भरला गेला, एजंटला काय सांगितले होते, किंवा उपचारांच्या नोंदीत काही चूक आहे, याबद्दल आपल्याकडे माहिती किंवा कागद असल्यास तक्रार निवारण अधिकाऱ्यांना कळवावे. त्यांचे उत्तर एक महिन्यात आले नाही किंवा पटले नाही, तर आपण विमा लोकपालांकडे तक्रार करू शकता. तिथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. दोन्ही पत्ते खाली दिले आहेत.’

खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि थेट फोन नंबर. पत्राची तारीख २० मार्च २०२५.

यातल्या काही जागा थांबून बघण्यासारख्या आहेत. ‘फसवणूक हे या निर्णयाचे कारण नाही’ हे वाक्य वकिलाला नको होतं, उगाच हात कशाला बांधून घ्यायचे म्हणून. मी म्हटलं, पोटकलम चार लिहिलं की हात बांधलेलेच आहेत. मग ते तिला समजेल अशा भाषेत का नको? या एका वाक्याने तिला सासरच्यांपुढे, मुलांपुढे सांगता येतं की नवऱ्याला कोणी लबाड म्हटलेलं नाही. वाक्य राहिलं.

‘दाद मागण्याचा हक्क जात नाही’ हेही महत्त्वाचं. पुष्कळ बायका हप्त्यांचे पैसे घ्यायला घाबरतात, पैसे घेतले म्हणजे आपण मान्य केलं असं त्यांना वाटतं. आणि एजंटचा उल्लेख शोभेला नाही. पॉलिसी ज्याने गळी उतरवली तो करार जुळवण्यापुरता कंपनीचाच माणूस धरला जातो, असं कलम ४५ च्या स्पष्टीकरणात म्हटलेलं आहे. सुनंदाताईंनी एजंटला ऑपरेशनबद्दल सांगितलं होतं असं त्या दाखवू शकल्या, तर मुद्दा वजनाचा होतो. पहिल्या पत्राने हे दार बंद केलं होतं. बंद दार नंतर उघडायला लागलं तर कंपनीचीच शोभा होते.

आता सगळ्यात अवघड वाक्य. ‘ही माहिती मिळाली असती, तर ही पॉलिसी दिली गेली नसती.’ कलमाची अपेक्षा नेमकी हीच आहे, आणि ते दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. जादा हप्ता घेऊन दिली असती, एवढं पुरत नाही. अँजिओप्लास्टी होऊन तीन वर्षंही न झालेल्या माणसाला ही पॉलिसी मिळाली नसती, हे आमच्या निकषांत स्पष्ट छापलेलं होतं, म्हणून ते वाक्य लिहिता आलं.

प्रत्येक वेळी ते लिहिता येत नाही. त्याच सुमाराला दुसरी एक फाइल होती. तिथे न सांगितलेला आजार म्हणजे गोळीने ताब्यात असलेला रक्तदाब. मसुदा सगळा नीट झाला, सांत्वन आलं, तारखा आल्या, आणि लेखणी या वाक्यापाशी अडकली. निकषांत पाहिलं तर साध्या रक्तदाबाला जादा हप्ता लावून पॉलिसी देत होते. म्हणजे ‘दिली गेली नसती’ हे खरं नव्हतं. ‘जोखमीवर परिणाम झाला असता’ असं गोलमाल लिहून पत्र पाठवता आलं असतं, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आम्ही पत्र थांबवलं आणि फाइल दाव्यांच्या समितीकडे परत पाठवली. तो दावा पुढे मंजूर झाला. पत्र हळुवार करायला बसलो होतो; हळुवार शब्दांनी झाकण्यासारखं काय आहे ते त्यामुळे दिसलं.

म्हणून ज्यांच्या हातात असं पत्र पडेल त्यांना सांगते, ते गोड आहे की कडू हे नंतर बघा. आधी चार गोष्टी शोधा. कलम आणि पोटकलम दिलंय का. कोणत्या कागदावरून ठरवलं ते लिहून तो कागद जोडलाय का. ‘पॉलिसी दिली गेली नसती’ हे स्पष्ट म्हटलंय का, आणि कशावरून. हप्त्यांबद्दल काय लिहिलंय. यातलं एक जरी नसेल तरी तक्रार निवारण अधिकाऱ्याला दोन ओळींचं पत्र टाका, की अमुक गोष्ट आपल्या पत्रात नाही, ती लेखी कळवा. पोच घ्या. पाकिटावरचा टपालाचा शिक्काही फेकू नका, मुदत मोजायला तो लागतो. फोनवर विचारायचं असेल तर विमा नियामकाचा मोफत क्रमांक १५५२५५ आहे. लोकपालाची कार्यालयं पुण्यात आणि मुंबईतही आहेत. तुमचा जिल्हा कोणाकडे येतो ते त्या क्रमांकावर विचारता येईल.

आणि ज्या लिहितात त्यांच्यासाठी आमच्या विभागातली एक सवय. पत्र तयार झालं की आम्ही ते शिपाई मावशींना मोठ्याने वाचून दाखवत असू. मग दोनच प्रश्न विचारायचे. पैसे मिळणार की नाही? आणि आता त्या बाईने कुठे जायचं? सुनंदाताईंच्या पहिल्या पत्रावर मावशी म्हणाल्या, मिळणार नाहीत, आणि कुठे जायचं ते काही सांगितलं नाही. दुसऱ्यावर म्हणाल्या, मिळतील वाटतं, थोडे दिवसांनी. तिसऱ्यावर म्हणाल्या, पंधरा लाख नाहीत, हप्ते जूनपर्यंत येतील, आणि तिला तो एजंट गाठायला सांगा आधी.

पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतः फोन केला, पत्रात होतं तेवढंच बोलले, आणि बोलणं झाल्याची तारीख-वेळ फायलीत टिपून ठेवली.